घरमालकांच्याच घरात खोली घेताना स्वयंपाकघर आणि बाथरूमबद्दल आधी काय विचारावे

प्रश्न: मी परभणीची आहे. पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली आहे. एक आठवडा सकाळी ७ ते ३ आणि पुढचा आठवडा दुपारी २ ते रात्री १० अशी ड्युटी असते. कोथरूडमध्ये एका काका-काकूंच्या टू बीएचके फ्लॅटमधली एक खोली बघून आले. ते दोघे आणि त्यांचा मुलगा तिथेच राहतात. भाडे ८ हजार, डिपॉझिट २० हजार. “किचन वापरा, बाथरूम कॉमन आहे” एवढेच ते म्हणाले. टोकन देण्याआधी आणखी काय विचारू? फार विचारले तर मी भांडखोर वाटेन का?

उत्तर:

काका-काकूंनी तुम्हाला जे सांगितले ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्यांनी ते मुद्दाम अपुरे ठेवले असेल असे मला वाटत नाही. पुण्यात खोल्या मिळवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि त्यातही मालक स्वतः ज्या घरात राहतात तिथल्या खोल्यांचे काम माझ्याकडे जास्त येते. अशा घरांतले नियम बहुधा कोणी ठरवलेले नसतात; वर्षानुवर्षांच्या सवयीतून ते आपोआप तयार झालेले असतात आणि म्हणूनच घरच्यांना ते दिसत नाहीत. सकाळी साडेआठपर्यंत ओट्यापाशी काकूंशिवाय कोणी उभे राहत नाही, ही गोष्ट त्या घरात कोणालाच नियम वाटत नाही, कारण आजवर तिथे दुसरे कोणी उभे राहिलेलेच नसते. बाहेरचे माणूस येऊन उभे राहते, काकूंचा हात अडतो, आणि असा काही नियम होता हे दोन्ही बाजूंना त्या दिवशी कळते. तेव्हा “तुमचे नियम काय आहेत?” असे विचारलेत, तर “अगं, नियम वगैरे काही नाहीत, घरच्यासारखी राहा” असे उत्तर येईल. ते मनापासून दिलेले असेल, आणि त्याचा तुम्हाला काहीही उपयोग होणार नाही.

माझा सल्ला असा की त्यांना नियमांबद्दल विचारू नका, त्यांच्या दिवसाबद्दल विचारा, आणि मग तुमचा दिवस त्यांना वेळेसकट सांगा. दोन्ही दिवस एकमेकांशेजारी ठेवले की अडचण कुठे येणार ते त्यांना आणि तुम्हाला एकाच वेळी दिसते. आपल्या घराच्या दिनक्रमाविषयी बोलायला बहुतेक काकूंना आवडते, त्यामुळे या पद्धतीत भांडखोर वाटण्याचा धोकाही फारसा राहत नाही.

पुढे जे लिहितो आहे त्यातले काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. घरात बाथरूम किती आहेत, गरम पाणी कशावर तापते, घरात देवधर्म किती कडक आहे, मुलगा कुठे झोपतो, यांवर उत्तरे बदलतील. तुमच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी ठाम आहेत. रात्री १० ला सुटल्यावर तुम्ही साडेदहाच्या सुमारास घरी पोहोचणार आणि त्यानंतर जेवणार, ही पहिली. दुसरी अशी की लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने हाताळून आल्यावर तुम्हाला बहुधा घरी आल्या आल्या आंघोळ करावीशी वाटेल. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलीला कॉमन बाथरूमची अडचण सकाळी येते; तुम्हाला ती रात्री येईल, आणि तिथूनच विचारायला सुरुवात करावी असे मला वाटते.

पहिला प्रश्न न बाथरूमचा आहे न किचनचा. “रात्री हॉलमध्ये कोण झोपते?” हे विचारा. टू बीएचकेमधली एक बेडरूम भाड्याने दिली की उरलेल्या एका बेडरूममध्ये काका-काकू झोपतात आणि मुलाचे अंथरूण पुष्कळदा हॉलमध्ये येते. किचन बहुधा हॉलला लागून असते, कधी कधी तर मध्ये दारही नसते. म्हणजे रात्री साडेदहाला दार उघडून तुम्ही त्याच्या अंथरुणाजवळून खोलीत जाणार, मग बाथरूमला, मग किचनमध्ये आणि परत खोलीत. यात तुमचा संकोच होईल आणि त्याचाही. किचनची परवानगी कागदावर कितीही मोकळी असली तरी वाटेत माणूस झोपलेला असेल तर ती रात्री वापरता येत नाही. तो आई-वडिलांच्या खोलीत झोपत असेल किंवा बाल्कनी बंद करून केलेल्या जागेत झोपत असेल, तर प्रश्नच मिटतो. हे खोली बघतानाच विचारता येते: “मला एक आठवडा रात्री उशीर होतो, हॉलमध्ये कोणाची झोपमोड तर होणार नाही ना?” यात कोणाला वावगे वाटण्यासारखे काही नाही, आणि उत्तरातून घराची रात्र कशी असते ते समजते.

त्यानंतर बाथरूम. “कॉमन बाथरूम कोण कोण वापरते?” हे नावे घेऊन विचारा. टू बीएचकेमध्ये एक बाथरूम मोठ्या बेडरूमला जोडलेले असते आणि दुसरे पॅसेजमध्ये असते, म्हणून आपण गृहीत धरतो की काका-काकू आतले वापरत असतील आणि बाहेरचे आपण आणि मुलगा मिळून वापरू. प्रत्यक्षात आतल्या बाथरूममध्ये गीझर नसतो, किंवा तिथे वॉशिंग मशीन ठेवलेले असते, किंवा काकांच्या गुडघ्यांसाठी कमोड फक्त बाहेर असतो, आणि मग चारही माणसे बाहेरच्याच दारापाशी येतात. संडास आणि न्हाणी वेगवेगळी आहेत की एकत्र, हेही तेव्हाच बघून घ्या. वेगवेगळी असतील तर चार माणसांची सकाळ बऱ्यापैकी निभावते. एकत्र असतील तर एकाच्या आंघोळीत बाकीचे तिघे अडकतात.

आता तुमची सकाळ धरून बघू. सकाळच्या ड्युटीच्या आठवड्यात तुम्हाला साधारण सव्वासहाला घर सोडावे लागेल, म्हणजे आंघोळ सव्वापाच ते पावणेसहाच्या दरम्यान. त्या वेळी रांग नसते हा फायदा आहे, पण गरम पाणी आहे का ते बघावे लागते. सोसायटीत सोलर असेल तर अनेक ठिकाणी वॉचमन ठरावीक वेळीच व्हॉल्व्ह उघडतो, आणि ती वेळ ६ नंतरची असेल तर सव्वापाचला तुमच्या नळाला गार पाणीच येईल. वीजेचा गीझर असेल तर तो किती लिटरचा आहे ते टाकीवर लिहिलेले असते. घरोघरी दिसणारी १५ लिटरची टाकी पूर्ण तापली, तर गार पाणी मिसळून आंघोळीच्या ऊबेचे दीड ते दोन बादल्या पाणी मिळते, आणि ती पुन्हा तापायला २ किलोवॅटच्या गीझरला थंडीत २० ते २५ मिनिटे लागतात. तुमच्या मागोमाग काका फिरून येऊन आंघोळीला जाणार असतील, तर तुमच्या आणि त्यांच्या आंघोळीत अर्धा तास तरी असला पाहिजे. अशा घरांत “तुझ्यामुळे गार पाण्याने आंघोळ करावी लागली” हे वाक्य फार लवकर येते, आणि मूळ कारण टाकीच्या मापात असते. म्हणून “सकाळी कोणाची आंघोळ कधी होते?” हे विचारून त्यांच्या वेळा जाणून घ्या, मग तुमची वेळ सांगा.

दुपारच्या ड्युटीच्या आठवड्यात सकाळी तुम्हाला घाई नाही. सगळ्यांचे आवरल्यावर ९ नंतर तुम्ही बाथरूम वापराल, हे आपण होऊन सांगा. त्या आठवड्यात प्रश्न रात्रीच्या आंघोळीचा आहे. तो असा विचारा: “काकू, लॅबमधून आल्यावर मला आंघोळ केल्याशिवाय राहवत नाही. रात्री पावणेअकराला दहा मिनिटे बाथरूम वापरले तर कोणाला त्रास होईल का?” बाथरूमची भिंत त्यांच्या बेडरूमला लागून आहे का ते आधी पाहून ठेवा, कारण रात्रीच्या शांततेत बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आणि फ्लशचा आवाज भिंतीपलीकडे चांगलाच जातो. त्या “चालेल” म्हणाल्या तर एक पायरी पुढे जा: “मी संध्याकाळीच बादली भरून ठेवायला कोणाला सांगू शकत नाही, तेव्हा नळ रात्रीच सुरू होईल.” इथे त्या थबकल्या तर अडचण आवाजाची आहे. नळाला छोटी रबरी नळी जोडून ती बादलीच्या तळाशी सोडली की आवाज बराच कमी होतो. पण त्यांच्या पद्धतीत दिवेलागणीनंतर आंघोळच चालत नसेल, तर ती रबरी नळीने सुटणारी गोष्ट नाही, आणि ते तुम्हाला टोकनच्या आधीच कळले हे बरे झाले.

गीझर गॅसवर चालणारा असेल तर कृपया पुढचे नीट वाचा. बंद बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझर धोकादायक असतो. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, डोके जड होऊन चक्कर येते, आणि माणसाला कडी काढण्याचीही शक्ती राहत नाही. दार लावून आंघोळ करताना बेशुद्ध होऊन माणसे दगावल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा डक्टच्या बाजूला बसवलेला आहे का ते डोळ्यांनी बघा. आत असेल तर वरचा झरोका उघडा आहे की डासांसाठी प्लॅस्टिक लावून बंद केला आहे ते बघा. आत बसवलेला असूनही खोली घेणे भागच असेल, तर दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा आणि मगच आत जाऊन दार लावायचे, ही पद्धत मालकांना सांगून ठेवा. “आम्ही इतकी वर्षे वापरतो, काही झाले नाही” यावर वाद घालू नका, पण पद्धतही सोडू नका.

किचनकडे येतो. “किचन वापरा” या दोन शब्दांत निदान चार वेगवेगळ्या परवानग्या दडलेल्या असतात: चहा करणे, आणलेले जेवण गरम करणे, रोजचा पूर्ण स्वयंपाक करणे आणि फ्रीजमध्ये सामान ठेवणे. मालकांच्या मनात बहुधा पहिल्या दोन असतात आणि भाडेकरूच्या मनात चारही. साताऱ्याच्या एका मुलाला मी कर्वेनगरमध्ये अशीच खोली मिळवून दिली होती. “थोडेफार करून खा” असे मालकीणबाईंनी त्याला सांगितले होते. त्याने पहिल्या रविवारी आठवडाभराची उसळ एकदम करायला घेतली, दोन तास शेगडी अडवली, आणि सोमवारी मला फोन आला. दोघांचेही चुकले नव्हते. त्या बाईंच्या दृष्टीने “थोडेफार” म्हणजे मॅगी आणि ऑम्लेट होते, त्याच्या दृष्टीने एक भाजी. शेवटी शनिवारी दुपारी ३ ते ५ शेगडी त्याची असे ठरले आणि तो त्या घरात पुढे बराच काळ राहिला. परवानगी तीच होती, तिला वेळ जोडल्यावर ती दोघांना सारखी समजली.

तुम्हीही पदार्थाचे नाव आणि घड्याळाची वेळ घेऊन विचारा. तुमच्या दोन आठवड्यांचे गणित मला असे दिसते. सकाळच्या ड्युटीच्या आठवड्यात तुम्ही चारच्या सुमारास घरी याल. तेव्हा काका-काकूंचा चहा झालेला किंवा होत आलेला असेल आणि त्यांचा रात्रीचा स्वयंपाक बहुधा सातला सुरू होईल. म्हणजे साडेचार ते सहा हा वेळ तुम्हाला मिळू शकतो. त्यात पोळी-भाजी करून डबा आणि रात्रीचे जेवण दोन्ही होते. दुपारच्या ड्युटीच्या आठवड्यात तुम्ही एकच्या सुमारास निघाल, आणि काकूंचा स्वयंपाक बहुतेक घरांत साडेदहा-अकरापर्यंत आटोपतो, तेव्हा अकरा ते बारा हा वेळ मागा. रात्री साडेदहानंतर फक्त गरम करायचे. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि फोडणी नाही, हे तुम्हीच आधी बोलून टाका. मागण्याबरोबर आपली मर्यादाही सांगणाऱ्या मुलीला काकू सहसा नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे, कारण “ही रात्रभर खुडबुड करत बसेल की काय” ही त्यांच्या मनातली भीती न बोलताच निघून जाते.

अंड्याचा विषय सरळ काढा. “नॉनव्हेज चालते का?” एवढ्यावर थांबू नका, कारण उत्तरे बारीक असतात. काही घरांत उकडलेले अंडे चालते पण ऑम्लेट चालत नाही, कारण वास घरभर फिरतो. काही घरांत त्यांच्या भांड्यांत नाही पण तुमच्या वेगळ्या तव्यावर चालते. काही घरांत किचनमध्ये काहीच नाही पण बाहेरून आणून खोलीत खाल्लेले चालते. आणि काही घरांत अंड्याचे टरफलही कचऱ्याच्या डब्यात दिसलेले चालत नाही. यांतले कुठलेही उत्तर चुकीचे नाही, ते त्यांचे घर आहे, पण तुमच्या डब्याशी ते जुळते का ते तुम्हाला आधी कळले पाहिजे. त्याच बोलण्यात भांड्यांचेही विचारून घ्या. आपला ३ लिटरचा कुकर, एक कढई, तवा, दोन पातेली आणि ताट-वाटी वेगळी आणावी, हे मी सगळ्यांना सांगतो. ती ठेवायला कपाटातला एक कप्पा आणि फ्रीजमधला एक कप्पा कोणता, हे बोटाने दाखवून घ्या. आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या कामात तुमची भांडी धरलेली आहेत का, की ती तुम्ही स्वतः घासायची, हे स्पष्ट करून घ्या. सिंकमध्ये रात्री ठेवलेल्या दोन खरकट्या भांड्यांवरून जितके वाद झालेले मी पाहिले आहेत, तितके भाड्याच्या पैशांवरून झालेले पाहिले नाहीत.

गॅस आणि वीज यांचे पैसे भाड्यात धरले आहेत का, हे विचारायला लोक लाजतात, तसे लाजू नका. गॅससाठी महिन्याला एक ठरावीक रक्कम देणे सर्वांत सोपे, कारण सिलिंडर कोणी किती वापरला हे मोजता येत नाही. वीजबिलाचे मात्र नीट ठरवून घ्या. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे आणि पुन्हा ३०० युनिटच्या पुढे प्रतियुनिट दर चढत जातो, त्यामुळे एक माणूस वाढल्याने बिल वापराच्या मानाने जास्त वाढलेले दिसते आणि सगळी वाढ तुमच्या माथी मारली जाऊ शकते. वर सांगितलेल्या गीझरला एका आंघोळीला पाऊण युनिटच्या आसपास लागते, म्हणजे महिन्याला वीस-बावीस युनिट. चार माणसांत बिलाचा चौथा हिस्सा, किंवा आधीच ठरलेली रक्कम, यांतले एक ठरवा. “जास्त आले तर बघू” असे ठेवू नका.

आता जे प्रश्न विचारायचे राहून जातात ते सांगतो, कारण ते रोजच्या दिवसाचे नसतात. गौरी-गणपतीत, श्रावणात, नवरात्रात किचनचे काय बदलते? कांदा-लसूण बंद होतो का, तुमच्या भांड्यांतसुद्धा? मे महिन्यात लेक नातवंडांना घेऊन माहेरी येते का, आणि तेव्हा कॉमन बाथरूम किती जण वापरतात? सोवळ्यात स्वयंपाक असतो त्या दिवशी तुम्हाला किती वाजेपर्यंत किचनमध्ये जाता येणार नाही? असे दिवस वर्षाकाठी मोजकेच असतात आणि ते आधी माहीत असले तर त्या दिवशी डबा लावता येतो किंवा मैत्रिणीकडे जाता येते. देवघर किचनमध्ये असेल तर एक प्रश्न काकूंना एकटीने विचारा: “तुमच्याकडे पाळी पाळतात का?” पाळत असतील तर ते चार दिवस तुमच्या जेवणाचे काय, हे तिथेच बोलून घ्या. हा प्रश्न मुली टाळतात, आणि मग पहिल्याच महिन्यात ओट्यापासून बाजूला व्हायला सांगितले की अपमान वाटतो. त्याच ओघात वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कोणत्या डब्यात टाकायचे आणि आतले कपडे कुठे वाळत घालायचे, हेही विचारा. मुलगा घरात असल्यामुळे तुमच्या कपड्यांची दोरी तुमच्या खोलीच्या खिडकीत किंवा बाल्कनीत वेगळी असावी अशी मागणी रास्त आहे, आणि काकूंना ती बहुधा आवडतेच.

कधी आणि कोणाला विचारायचे, यालाही महत्त्व आहे. भाडे काका ठरवतात, पण किचन काकूंचे असते. काकांनी दिलेला होकार ओट्यावर चालत नाही. म्हणून दुसऱ्यांदा घर बघायला जा आणि काकू निवांत असतील अशी वेळ त्यांनाच विचारून घ्या. शक्य असेल तर आणखी एक फेरी संध्याकाळी सात-साडेसातला मारा, “खोलीचे माप घ्यायचे राहिले” एवढे कारण पुरे आहे. त्या वेळी घर भरलेले असते: ओट्यावर मोकळी जागा किती उरते, बाथरूमच्या दाराची कडी आतून नीट लागते का, साबण-बादलीला जागा आहे का, टाकीला पाणी येते का, हे सगळे एका नजरेत दिसते. पाण्याचेही विचारा. महापालिका अनेकदा गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवते. त्या दिवशी सोसायटीची टाकी रात्रीपर्यंत पुरते का, हा तुमच्या रात्रीच्या आंघोळीचाच प्रश्न आहे.

बोलणे झाले की त्याच संध्याकाळी ते लिहून पाठवा. हे मी प्रत्येकाला करायला लावतो. मजकूर साधा असावा, साधारण असा:

“काकू, नमस्कार. आज आपले बोलणे झाले ते लिहून ठेवते, काही चुकले असेल तर सांगा. सकाळच्या ड्युटीच्या आठवड्यात मी संध्याकाळी साडेचार ते सहा आणि दुपारच्या आठवड्यात सकाळी अकरा ते बारा किचन वापरीन. रात्री साडेदहानंतर फक्त जेवण गरम करीन. अंडी माझ्या वेगळ्या भांड्यात, खोलीत खाईन. माझी भांडी मी लगेच घासून ठेवीन. रात्री पावणेअकराला दहा मिनिटे आंघोळ करीन. गॅसचे ठरलेले पैसे आणि वीजबिलाचा चौथा हिस्सा दर महिन्याच्या पाच तारखेला देईन. गणपतीच्या दिवसांत किचन वापरणार नाही.”

यात सगळी वाक्ये “मी करीन” अशी आहेत, हे लक्षात घ्या. त्यांच्यावर अटी घातल्यासारखे वाटत नाही, पण तुमचा हक्क त्यात पूर्ण लिहिला जातो. त्यांचे “ठीक आहे” आले की पुढे करार करताना हाच मजकूर जादा अट म्हणून जोडता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. मालक ज्या घरात राहतात त्याच घरातल्या खोलीतल्या माणसाला या कायद्यात पेइंग गेस्ट असे वेगळे नाव आहे, त्यामुळे पूर्ण फ्लॅट घेणाऱ्याला मिळते तेवढे कायद्याचे पाठबळ आपल्याला मिळेलच असे समजून राहू नका. कुकर किती वाजता लावायचा हे कोणतेही न्यायालय ठरवून देणार नाही. म्हणून करारात माझ्या मते दोन अटी जास्त मोलाच्या आहेत. करारात दिलेल्या जागेच्या वर्णनात “खोली, तसेच स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांचा सामायिक वापर” असे शब्द असावेत; नुसते “एक खोली” असेल तर किचन उद्या मेहरबानीचे होते. आणि लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने खोली सोडता न येण्याची अट, नसावी, नोटीस एका महिन्याची असावी, आणि खोली सोडल्याच्या दिवशी डिपॉझिट परत मिळावे. सामायिक घर जमते की नाही हे पहिल्या महिन्यात कळते, आणि न जमल्यास २० हजार अडकून पडू नयेत.

नकार देण्याजोगे घर कोणते, तेही विचाराल म्हणून सांगतो. एखाद्या प्रश्नाला “नाही चालणार” असे उत्तर आले तर ते चांगले घर आहे, कारण तिथे माणसे स्पष्ट बोलतात. काळजी मला अशा उत्तराची वाटते: “तू ये तर आधी, मग बघू.” हेच उत्तर किचनला, बाथरूमला आणि वीजबिलाला तीनदा आले, किंवा काकूंनी काकांकडे पाहून उत्तर बदलले, तर मी तिथे कोणाला टोकन देऊ देत नाही. आणि रात्रीची आंघोळ जमत नसेल, तर बाकी सगळे कितीही छान असले, तरी तुम्ही ही खोली घेऊ नये असे माझे मत आहे. महिन्यातले निम्मे दिवस तुम्ही त्या आंघोळीसाठी संकोचत राहाल. तशा वेळी हजार-दीड हजार जास्त देऊन अटॅच्ड बाथरूम असलेली खोली शोधा, जिथे किचनमध्ये फक्त गरम करण्याची मुभा असेल आणि जेवणाला डबा लावता येईल. तुमच्या ड्युटीला पूर्ण स्वयंपाकघरापेक्षा स्वतःचे बाथरूम जास्त उपयोगी पडेल.